वीट, थर्माकोल आणि मधली लाकडी पट्टी : भिंतीतून नेमकी किती उष्णता येते?

प्रश्न : सर, मी नाशिकला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. असाइनमेंटमध्ये द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची भिंत दिली आहे. बाहेर ४० अंश, आत २ अंश. बाहेरून आत येताना २३० मिमी वीट, मग १०० मिमी थर्माकोल, मग १२ मिमी प्लाय. थर्माकोलच्या थरात दर ६०० मिमीला ५० मिमी रुंदीची उभी लाकडी पट्टी आहे, थर्माकोलइतकीच जाड. उष्णता-वाहकता k अनुक्रमे ०.८, ०.०४, ०.१२ आणि लाकडाचा ०.१५. हवा आणि भिंतीच्या पृष्ठभागामधला उष्णता-स्थानांतर गुणांक h बाहेर २०, आत ८. मी सगळे रेझिस्टन्स काढून बेरीज केली तर ६०० मिमी रुंद, १ मीटर उंच तुकड्यातून २.०२ वॅट आले. मैत्रिणीचे ८.७८ आले आणि दुसऱ्या डिव्हिजनमधल्या एकाचे ८.३७. कोणाचं बरोबर?

उत्तर : तुझे २.०२ चुकले आहेत. बाकीचे दोघंही बरोबर आहेत. दोघांनी दोन वेगळी गृहीतकं धरली आहेत आणि खऱ्या भिंतीचा आकडा त्या दोघांच्या मधे कुठेतरी पडतो. मी गेली बावीस वर्षं निफाड, पिंपळगाव, दिंडोरी या पट्ट्यात कोल्ड रूमच्या इन्सुलेशनची कामं करतोय. अगदी अशीच भिंत मी बांधलीही आहे आणि खोलूनही पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुझी चूक. ती कॅल्क्युलेटर न उघडताच पकडता येते. लाकूड थर्माकोलच्या जवळजवळ चौपट उष्णता जाऊ देतं. म्हणजे थर्माकोल थोडा कापून तिथे लाकूड बसवलं की आत येणारी उष्णता वाढलीच पाहिजे. आता पट्टी नाहीच असं समजून तोच तुकडा सोडव : ७.४५ वॅट येतात. तुझ्या हिशेबात पट्टी बसवल्यावर ते २.०२ झाले. इन्सुलेशन बिघडवल्यावर भिंत सुधारली, असं होऊच शकत नाही. परीक्षेत ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते, ती करतच जा.

चूक झाली कुठे? तू लाकडाचा आणि थर्माकोलचा रेझिस्टन्स एकमेकांत मिळवलास, म्हणजे ते सिरीजमध्ये धरलेस. वहीतल्या आकृतीवर बोट ठेव आणि बाहेरच्या हवेपासून आतल्या हवेपर्यंत सरळ आडवं ओढत ने. वीट लागते, प्लाय लागतो, त्या दोन्ही प्रत्येक वाटेवर आहेत. मधल्या थरात मात्र बोट एक तर थर्माकोलमधून जातं किंवा लाकडातून. दोन्हींतून एकापाठोपाठ जाणारी वाटच नाही. तीच उष्णता एकामागून एक ज्या थरांतून जाते ते सिरीजमध्ये. ज्यांची दोन्ही टोकं त्याच दोन पृष्ठभागांना टेकलेली आहेत आणि उष्णता त्यांच्यात वाटली जाते, ते पॅरललमध्ये. बोटाची ही युक्ती मी कामावरच्या नव्या पोरांनाही शिकवतो, कारण प्रत्यक्ष भिंतीतही ते हेच विसरतात.

आता मैत्रिणीचा हिशेब मांडू. तुकडा ०.६ चौरस मीटरचा आहे. त्यात लाकडाचा वाटा ०.०५ आणि थर्माकोलचा ०.५५. हे महत्त्वाचं, कारण पॅरलल आलं की क्षेत्रफळाशिवाय चालत नाही. नुसत्या सिरीजच्या भिंतीत प्रति चौरस मीटर हिशेब करून शेवटी क्षेत्रफळाने गुणलं तरी भागतं, आणि त्याच सवयीने बरेचजण इथे लाकूड आणि थर्माकोल दोघांनाही ०.६ लावतात. सूत्र भरताना प्रत्येक वेळी विचार : हा थर या तुकड्यात किती क्षेत्र व्यापतो?

```
R = L/(kA),  हवेच्या थरासाठी R = 1/(hA)

बाहेरची हवा   1/(20*0.6)         = 0.083
वीट           0.23/(0.8*0.6)     = 0.479
थर्माकोल       0.10/(0.04*0.55)   = 4.545
लाकूड         0.10/(0.15*0.05)   = 13.333
प्लाय          0.012/(0.12*0.6)   = 0.167
आतली हवा     1/(8*0.6)          = 0.208   (K/W)
```

थर्माकोल आणि लाकूड पॅरलल. त्यांचे व्यस्त ०.२२० आणि ०.०७५, बेरीज ०.२९५, म्हणजे दोघांचा मिळून रेझिस्टन्स ३.३९०. बाकीच्या चौघांची बेरीज ०.९३७५. एकूण ४.३२७. तापमानाचा फरक ३८ अंश, त्याला ४.३२७ ने भागलं की ८.७८ वॅट.

इथे लगेच पुढच्या ओळीकडे पळू नकोस, त्या ०.२२० आणि ०.०७५ कडे नीट बघ. पट्टीने भिंतीचा जेमतेम ८ टक्के भाग व्यापला आहे, पण त्या थरातून जाणाऱ्या उष्णतेपैकी चौथा हिस्सा तिच्यातून जातोय. आमच्या धंद्यात पट्टीला कोणी मोजत नाही. मालक विचारतो, थर्माकोल किती इंची टाकला? चार इंची म्हटलं की तो खूश. पट्ट्या किती आणि कशा, हे कोणी विचारत नाही.

प्रत्येक सांध्यावरचं तापमान काढायला आता वेगळं काही करावं लागत नाही. ८.७८ ला त्या त्या रेझिस्टन्सने गुणायचं आणि ४० मधून वजा करत यायचं. विटेच्या बाहेरच्या अंगाला ३९.३, विटेच्या आतल्या अंगाला ३५.१, थर्माकोलच्या थरापलीकडे ५.३, प्लायच्या आतल्या पृष्ठभागाला ३.८, आणि शेवटी हवा २. शेवटचा आकडा बरोबर २ आला नाही तर मधे कुठेतरी चूक आहे. ३८ पैकी जवळजवळ ३० अंश एकट्या मधल्या थरात उतरले. नऊ इंची विटेच्या भिंतीने अडवले फक्त चार. म्हणून h मध्ये थोडी चूक असली तरी या भिंतीत फार बिघडत नाही. बाहेरचा h दुप्पट केलास तरी उत्तर एक टक्क्याने हलतं. पट्टीची रुंदी मात्र चुकवू नकोस.

आता ८.३७ कुठून आले ते पाहू. त्या मुलाने भिंत आधीच दोन स्वतंत्र वाटांत कापली. एक वाट लाकडासमोरची, ०.०५ चौरस मीटरची, तिच्यात तिच्यापुरती हवा, वीट, लाकूड, प्लाय आणि पुन्हा हवा. दुसरी वाट थर्माकोलसमोरची, ०.५५ ची. दोन्ही वाटा हवेपासून हवेपर्यंत वेगळ्या, मधे कुठेही एकमेकींना भेटत नाहीत.

```
लाकडाची वाट    : 1.229/0.05 = 24.58 K/W -> 1.55 W
थर्माकोलची वाट  : 3.063/0.55 =  5.57 K/W -> 6.82 W
एकूण                                      8.37 W
```

मैत्रिणीने धरलं की विटेच्या आतल्या अंगाला सगळीकडे एकच तापमान आहे. म्हणजे विटेत उष्णता आडवी हवी तशी सरकू शकते आणि लाकडाच्या तोंडाशी हवी तेवढी गोळा होऊ शकते. त्या मुलाने धरलं की आडवी ती अजिबात सरकत नाही. खरी वीट यापैकी एकही टोक गाठत नाही. लाकूड उष्णता ओढून घेतं म्हणून त्याच्या मागची वीट थोडी थंड होते, आणि बाजूच्या विटेतून उष्णता तिरकी तिकडे वळते. पण वळताना तिलाही रेझिस्टन्स लागतोच.

खरा आकडा या दोघांच्या मधेच का, हे विजेच्या सर्किटवरून चटकन पटतं. सर्किटमधले दोन बिंदू तारेने जोडले तर एकूण रेझिस्टन्स कमी होईल किंवा तेवढाच राहील, वाढणार नाही. एखादी जोडणारी तार कापली तर तो वाढेल किंवा तेवढाच राहील, कमी होणार नाही. मैत्रिणीने आडवे बिंदू सगळे जोडले, म्हणून तिचा रेझिस्टन्स सर्वात कमी आणि उष्णता सर्वात जास्त. त्याने सगळे कापले, म्हणून त्याचं उलट. खरी भिंत ८.३७ च्या खाली जाणार नाही आणि ८.७८ च्या वर जाणार नाही. दोघांत फरक ५ टक्क्यांचा. प्रत्यक्षात विटेचा k भिंतीभिंतीत याहून जास्त बदलतो, त्यामुळे हाताने करायच्या हिशेबात कोणताही घेतलास तरी चालेल. मात्र गृहीतक उत्तरात शब्दांत लिही : 'प्रत्येक थराच्या सांध्यावर तापमान एकसारखं धरलं आहे' किंवा 'आडवं वहन धरलेलं नाही'. ते वाक्य नसेल तर तपासणाऱ्याला कळतच नाही की तू कुठल्या वाटेने गेलीस.

मशीन निवडताना मी जास्तीचा आकडा घेतो, कारण मे महिन्यात कमी पडलेलं कॉम्प्रेसर बदलता येत नाही.

पण हे दोन आकडे दर वेळी इतके जवळ येतील असं समजू नकोस. हीच भिंत घे, लाकडाऐवजी ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी थर्माकोलच्या थरातून आरपार उभी कर, दर ६०० मिमीला. लोखंडाचा k ५० धर. मैत्रिणीच्या पद्धतीने २५.१ वॅट येतात. त्या मुलाच्या पद्धतीने ७.६. एकाच भिंतीची दोन उत्तरं, एक दुसऱ्याच्या तिप्पट! कारण सरळ आहे. दुसऱ्या पद्धतीत लोखंडाला त्याच्यासमोरच्या फक्त ३ मिमी रुंद विटेतून उष्णता मिळते, म्हणून ते उपाशीच राहतं. पहिल्या पद्धतीत पूर्ण ६०० मिमी वीट एकही अंश न गमावता त्याला उष्णता पुरवते. प्रत्यक्षात लोखंड दोन्ही बाजूंच्या काही सेंटिमीटर विटेतून उष्णता खेचतं, आणि ती किती हे सरळ रेषेतल्या रेझिस्टन्सने सांगता येत नाही. तिथे दोन दिशांमध्ये जाळी पाडून संगणकावर सोडवावं लागतं. तेव्हा दोन्ही पद्धतींनी उत्तर काढून बघायचं. जवळजवळ आली तर हिशेबावर विश्वास ठेव. फाकली तर समज की ही भिंत या पद्धतीने सुटणारी नाही. असाइनमेंटमध्ये तुझ्या जागी मी असतो तर दोन्ही उत्तरं लिहिली असती आणि टक्केवारीतला फरकही दिला असता.

आता त्या सांध्यावरच्या तापमानांकडे परत येऊ, कारण भिंत सडते ती त्यांच्यामुळे.

पिंपळगावच्या बाजूला एका स्टोरेजमध्ये द्राक्षाचा हंगाम संपल्यावर मला बोलावलं होतं. खोली गार व्हायला वेळ लागतोय, बिल वाढलंय, अशी तक्रार. आम्ही आतला प्लाय खोलला. थर्माकोल वरून पांढराशुभ्र. पण लाकडी पट्ट्या बाहेर काढल्यावर त्यांचा विटेकडचा चेहरा काळा पडलेला, नखाने ओरखडला की लाकूड भुग्यासारखं निघत होतं. प्लायकडचा चेहरा मात्र कोरडा आणि पिवळा. पट्टीच्या दोन्ही बाजूंचा थर्माकोल चार बोटं ओला, हातात घेतला तर जड लागत होता. विटेवर दर दोन फुटांवर उभे काळे पट्टे उमटलेले, पट्टी जिथे होती बरोबर तिथेच.

तुझ्याच आकड्यांनी हे समजावून घे. उन्हाळ्यात बाहेर ४० असतं पण हवा कोरडी असते. जुलैत नाशिकला बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धर. अशा हवेचा दवबिंदू २५ च्या किंचित वर, साधारण २५.२ येतो. म्हणजे त्याहून गार पृष्ठभाग त्या हवेला भेटला की पाणी सुटलंच. आता २८ आणि २ अंशांमधली भिंत सोडव आणि विटेच्या आतल्या अंगाचं तापमान काढ. पहिल्या पद्धतीने सगळीकडे २४.६. दुसऱ्या पद्धतीने थर्माकोलमागे २५.१ आणि लाकडामागे २०.९. म्हणजे थर्माकोलमागे प्रकरण काठावर आहे, पण लाकडामागची जागा कुठल्याही पद्धतीने दवबिंदूच्या खाली. पाणी आधी आणि सर्वात जास्त तिथेच धरणार. विटेतून वाफ सहज आत शिरते, आणि उष्णता बाहेरून आत येते तशी पावसाळ्यात वाफही बाहेरून आतच येते. पाण्याचा k ०.६ च्या आसपास, थर्माकोलचा ०.०४. थर्माकोल भिजला की त्याचा k वाढतो, सांधा आणखी गार होतो, आणखी पाणी धरतो.

इथे दोन्ही पद्धतींचा खरा फरकही दिसतो. एकूण वॅटमध्ये त्या ५ टक्क्यांनी वेगळ्या होत्या. लाकडामागच्या तापमानात मात्र जवळजवळ चार अंशांनी. एकूण उष्णता विचारली असेल तर पहिली पद्धत पुरते. एखाद्या जागेचं तापमान विचारलं असेल तर ती फसवते, कारण तिने ती जागा आधीच सरासरीत विरघळवून टाकलेली असते.

हे तुला स्वतःला बघायचं असेल तर चालू कोल्ड रूममध्ये आतल्या भिंतीवर इन्फ्रारेड थर्मामीटर हळूहळू आडवा फिरव. मॅट रंगाचा प्लाय हवा, चकचकीत पत्र्यावर तो खोटं सांगतो. ४० अंशांच्या दुपारी पहिल्या पद्धतीनुसार आतला पृष्ठभाग सगळीकडे ३.८ असायला हवा. दुसरीनुसार थर्माकोलवर ३.६ आणि पट्टीवर ५.९. प्रत्यक्षात पट्टीवर आकडा वर चढतो आणि पुढे गेलं की उतरतो, म्हणजे पहिली पद्धत तिथे नक्कीच पूर्ण खरी नाही. पण चढ दोन अंशांहून कमीच असतो, कारण आडवं वहन थोडं तरी होतंच. यंत्राचा नेमका आकडा अंश-दोन अंशाने चुकतो, त्यामुळे दोन जागांमधला फरकच बघायचा.

त्या पिंपळगावच्या खोलीत आम्ही विटेच्या आतल्या अंगाला डांबराचा सलग थर दिला. वाफ अडवणारा थर नेहमी इन्सुलेशनच्या गरम बाजूला लागतो, आणि आपल्याकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ती बाहेरची बाजू. आधीच्या कामात तो थर होता, पण पट्ट्या ठोकताना खिळ्यांनी ठिकठिकाणी फोडलेला. मग १०० मिमीचा एक थर्माकोल न लावता ५०-५० मिमीचे दोन थर दिले, सांधे एकमेकांसमोर येणार नाहीत असे. पहिल्या थरातल्या पट्ट्या उभ्या, दुसऱ्यातल्या आडव्या. आता लाकूड आरपार फक्त त्या एकमेकींना छेदतात तिथे. ८.३ टक्क्यांचे ८.३ टक्के, म्हणजे भिंतीच्या एक टक्क्याहूनही कमी जागी. तुझ्या असाइनमेंटमध्ये जर 'सुधारणा सुचवा' असा प्रश्न असेल, तर ही भिंत सोडवून बघ. प्रत्येक थरात थर्माकोल आणि लाकूड पॅरलल, आणि ते दोन थर एकमेकांशी सिरीजमध्ये. पहिल्या पद्धतीने हा हिशेब पट्टीच्या दिशेचा फरक दाखवतच नाही, उत्तर पुन्हा ८.७८ च येतं. दुसऱ्या पद्धतीने मात्र तुकड्याच्या चार वाटा पडतात : दोन्ही थरांत थर्माकोल, पहिल्यात लाकूड, दुसऱ्यात लाकूड, आणि दोन्हींत लाकूड. त्या चारही वाटांची क्षेत्रफळं आधी लिहून काढ, मगच सूत्राला हात लाव.

एक राहिलं. ४० अंश ही हवा आहे. पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यात दुपारभर ऊन पडतं आणि तिचा बाहेरचा पृष्ठभाग हवेहून बराच जास्त तापतो. शिवाय नऊ इंची विटेला तापायला आणि निवायला बरेच तास लागतात, त्यामुळे दुपारच्या ४० चा परिणाम आत पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते. तुझ्या प्रश्नात यातलं काही विचारलेलं नाही, तेव्हा हिशेबात घुसवू नकोस. वर एका ओळीत 'स्थिर अवस्था, ऊन धरलेलं नाही' एवढं लिही आणि खाली दोन्ही आकडे दे, ८.३७ आणि ८.७८.